पिवळा फलक असूनही मी थांबायला हवं होतं का?

प्रश्न: जर्मनीत भाड्याची गाडी चालवताना एका गावातल्या चौकात हा फलक दिसला (फोटो जोडलाय): पांढऱ्या कडेचा पिवळा चौकोन टोकावर उभा, आणि खाली पांढऱ्या पाटीवर उजवीकडे वळलेली जाड काळी रेघ. मी सरळ गेलो तर उजवीकडून येणाऱ्याने जोरात हॉर्न मारला. चूक कोणाची?

हॉर्न मारणाऱ्याचं बरोबर होतं. वरचा पिवळा चौकोन सांगतो की तुम्ही मुख्य रस्त्यावर आहात आणि बाजूच्या रस्त्यांवरच्यांनी तुमच्यासाठी थांबायचं आहे. पण खरी गंमत खालच्या पाटीत आहे. ती म्हणजे त्या चौकाचा नकाशाच, तुमच्या बाजूने पाहिलेला. तुम्ही खालच्या टोकाला आहात. जाड रेघ म्हणजे मुख्य रस्ता, बारीक रेघा म्हणजे दुय्यम. तुमच्या फोटोत जाड रेघ खालून येऊन उजवीकडे जाते, म्हणजे मुख्य रस्ता तिथे उजवीकडे वळतो, समोरचा आणि डावीकडचा रस्ता दुय्यम.

आता उजवीकडून आलेली गाडी बघा. तीही त्याच जाड रेघेवर आहे, म्हणजे प्राधान्य तुम्हा दोघांनाही सारखंच. अशा वेळी तिथला मूळ नियम लागू होतो, 'रेख्ट्स फोर लिंक्स': उजवीकडचा आधी. सरळ जाताना ती गाडी तुमच्या उजवीकडे होती, तेव्हा तुम्हीच थांबायला हवं होतं, मग ती कुठल्याही बाजूला जाणार असो. डावीकडून आणि समोरून येणाऱ्यांना मात्र उलटा त्रिकोण किंवा 'स्टॉप'चा फलक असतो. त्यांनी तुम्हा दोघांसाठी थांबायचं.

हीच रेघ डावीकडे वळलेली असती तर चित्र उलटं झालं असतं. मग डावीकडून येणाराही मुख्य रस्त्यावर असता. तुम्ही त्याच्या उजवीकडे, आणि वाटा एकमेकींना छेदत असतील तर थांबायचं त्याने.

इंडिकेटरचाही घोळ होतो. जाड रेघेबरोबर वळायचं असेल तर इंडिकेटर द्यावाच लागतो, रस्ता स्वतःच वळत असला तरी. सरळ जायचं असेल तर द्यायचा नाही. आपल्या डोक्यात 'मुख्य रस्ता सोडतोय तर इशारा द्यावा' असं येतं आणि लोक डावा इंडिकेटर लावून मोकळे होतात. मागच्याला वाटतं हा डावीकडे वळणार. वळताना पायी चालणाऱ्यांकडेही नीट बघा. गरज पडली तर त्यांच्यासाठी थांबावं लागतं, असं नियमातच आहे.

चौकात सिग्नल चालू असेल तर ही पाटी विसरा, सिग्नल पाळा. आणि तोच पिवळा चौकोन तिरप्या काळ्या रेघांनी छेदलेला दिसला की मुख्य रस्ता संपला. त्यापुढे फलक नसलेल्या प्रत्येक चौकात वेग कमी करून आधी उजवीकडे बघायचं.