फ्लूची सुई दरवर्षी, मग आरएसव्हीची एकदाच का?

प्रश्न: माझी आई ६६ वर्षांची आहे, यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात राहते. चुलीच्या धुरानं सीओपीडी झालाय, रोज पंप घेते. फ्लूची लस दरवर्षी देतो. आता नागपूरच्या छातीच्या डॉक्टरांनी आरएसव्हीची लस घ्यायला सांगितलं. फ्लूची घेतली असताना ही कशाला? आणि हीपण दरवर्षी घ्यावी लागते का?

उत्तर: ताई, फ्लूची सुई आरएसव्हीला अडवत नाही. विषाणूच निराळा आहे. दोन्हींची सुरुवात सर्दी-खोकल्यानंच होते, म्हणून घरी बसून कोणता कोणता ते ओळखू येत नाही. पण फ्लूवर ऑसेल्टामिविर आहे, पहिल्या दोन दिवसांत सुरू झालं तर कामाचं. आरएसव्हीवर मोठ्या माणसांसाठी तसं नेहमीच्या वापरातलं औषध नाही. ऑक्सिजन, नेब्युलायझर, गरज पडली तर स्टेरॉइड, एवढ्यावरच दम निभवावा लागतो. माझं तालुक्याला मेडिकल आहे. तिथून पाहताना मला तरी तुमच्या डॉक्टरांचा सल्ला बरोबर वाटतो. सीओपीडीच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांमध्येही या पेशंटसाठी दोन्ही लसी आहेत.

आता दरवर्षीचं. फ्लूचा विषाणू सारखा रूप बदलतो. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लशीतले प्रकार नव्यानं ठरवते, म्हणून मागच्या वर्षीची सुई यंदा पुरत नाही. आरएसव्ही इतका बदलत नाही. त्याची अडचण दुसरीच होती. पेशीत शिरताना तो ज्या प्रथिनाचा वापर करतो, त्याचा आकार शिरण्याआधी एक असतो आणि शिरल्यावर दुसराच होतो. चांगली प्रतिपिंडं आधीच्या आकारावर बसतात, पण तो आकार टिकतच नव्हता. १९६०च्या दशकात अमेरिकेत बाळांना दिलेली लस तर उलटली होती. लस घेतलेल्या बाळांना पुढे आरएसव्ही झाला तो जास्त जोराचा, आणि दोन दगावली. २०१३ साली तो आधीचा आकार पक्का बांधून ठेवायची युक्ती सापडली, आणि २०२३ मध्ये वयस्कांसाठी पहिल्या लसी मंजूर झाल्या. यात जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे लशीनं आरएसव्ही होत नाही.

सध्या सल्ला एकाच डोसचा आहे. अरेक्सव्ही नावाच्या आरएसव्ही लशीच्या मोठ्या चाचणीत पहिल्या हंगामात छातीपर्यंत उतरणारा आजार ८० टक्क्यांहून जास्त कमी झाला. पुढच्या हंगामांत संरक्षण उतरत गेलं, पण वर्षानं दुसरा डोस देऊन फारसा फायदा दिसला नाही. म्हणून कोणी दरवर्षी घ्या म्हणालं तर कशावरून ते विचारा.

तुमच्या आईच्या बाबतीत मी असं करीन. फ्लूची सुई मे-जूनमध्ये, कारण आपल्याकडे पावसाळ्यात फ्लू चढतो. आरएसव्हीची पोळ्यानंतर, दसऱ्याच्या आत. एकदा कापूस फुटला की घरातलं कोणी नागपूरला जायला मोकळं नसते, आणि पुढे थंडीत दमही वाढतो. चकरा वाचवायच्या असतील तर दोन्ही एकाच दिवशी, दोन दंडांत चालतात. फक्त हात दुखणं, अंग मोडून येणं, थोडा ताप थोडा जास्त होईल. दम वाढलेला असेल, ताप असेल, तर तो उतरू द्या. आधी कधी गिलां-बारे हा नसांचा आजार होऊन पाय गळाले असतील तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. आरएसव्हीच्या लशीनंतर हा आजार होण्याचा धोका लाखात एखाद्याला, पण नोंदलेला आहे. रक्त पातळ करायची गोळी सुरू असेल तर तेही सांगा.

खर्च स्वतःचाच. मोठ्यांसाठी या दोन्ही लसी सरकारी लसीकरणात नाहीत, आणि आरएसव्हीची फ्लूपेक्षा कितीतरी महाग आहे. म्हणून निघण्याआधी दवाखान्यात फोन करून साठा आहे का विचारा, आणि तिथेच टोचून घ्या. डबी विकत घेऊन गावी आणू नका. ही लस २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. उन्हात एसटीत ती तापते, आणि लोक तिला थेट बर्फात दाबून आणतात तेव्हा गोठते. गोठलेली लस टाकूनच द्यायची असते, मग ती दिसायला कितीही चांगली असो.

अरेक्सव्ही असेल तर दोन कुप्या असतात, एकीत पावडर, दुसरीत पातळ द्रव. द्रव पावडरीत मिसळून मगच टोचायचा असतो. नुसता द्रव टोचल्याच्या चुका परदेशात नोंदल्या गेल्यात, आणि त्या द्रवात खरी लसच नसते, ती पावडरीत असते. म्हणून सिस्टरनं तुमच्यासमोर दोन्ही कुप्या मिसळल्या का ते पाहा, आणि लशीचं नाव, बॅच नंबर, तारीख आईच्या फाइलवर लिहून घ्या. पंप मात्र एक दिवसही बंद करू नका.