डेंग्यूत प्लेटलेट जातात कुठं?

प्रश्न: धाकट्या भावाला (वय २४) डेंग्यू झालाय, जळगावला ॲडमिट आहे. तापाच्या दुसऱ्या दिवशी प्लेटलेट १,९०,००० होत्या, चौथ्या दिवशी १,१०,०००. पाचव्या दिवशी ताप उतरला म्हणून आम्ही सगळे खूश, तर सहाव्या दिवशी एकदम २८,०००! व्हायरस प्लेटलेट खातो का? आणि ताप गेल्यावर कशा काय पडल्या? नातेवाईक म्हणतायत चार पिशव्या चढवून टाका. मी पुण्याहून निघालोय, कोणी नीट समजावून सांगेल का?

उत्तर:

भाऊ, उत्तर तुमच्या त्या तीन आकड्यांतच आहे, फक्त हिशोब मांडून बघायला पाहिजे. मी जळगाव जिल्ह्यातच एका तालुक्याच्या गावी लॅब चालवतो, पावसाळा सरत आला की आमच्याकडं सीबीसीला रांग लागते ती बहुतेक प्लेटलेटसाठीच (नळाला पाणी तीन-चार दिवसांआड, घरोघरी ड्रम भरलेले, उन्हाळ्यातला कूलर तसाच पाण्यासकट पडलेला, मग डासाला अजून काय पाहिजे). रिपोर्ट हातात घेतल्यावर लोकं हेच विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो, गाडीत वाचा.

चांगल्या माणसाची प्लेटलेट साधारण आठ ते दहा दिवस जगते. म्हणजे रोज दहातली एक म्हातारी होऊन प्लीहा नाहीतर लिव्हरमध्ये निकालात निघते आणि तेवढीच नवी बोन मॅरोतून येते. केळीच्या बाजारात असते तशी आवक आणि जावक, आणि रिपोर्टवरचा काउंट म्हणजे त्या वेळेला शिल्लक किती एवढंच. दोन लाखाच्या आसपास काउंट असलेल्या माणसात रोजची ही उलाढाल वीसेक हजारांची झाली.

आता समजा डेंग्यूनं नुसती आवक बंद केली, मॅरो पूर्ण ठप्प, एकही नवी प्लेटलेट नाही. तर तुमच्या भावाच्या १,९०,००० मधून रोज वीस हजार वजा करा. चौथ्या दिवशी दीड लाख राहायला पाहिजेत आणि सहाव्या दिवशी १,१०,०००. प्रत्यक्षात चौथ्यालाच १,१०,००० आणि सहाव्याला २८,०००. म्हणजे पहिल्या दोन दिवसांत हिशोबापेक्षा चाळीस हजार जास्त गेल्या, आणि पुढच्या दोन दिवसांत ४० च्या जागी ८२ हजार गेल्या. हिशोब ढोबळ आहे, पण मॅरो कितीही बंद पडला तरी एवढं पडूच शकत नाही, बाहेर रक्तात जावक वाढलेली आहे आणि ती ताप उतरायच्या सुमारासच सगळ्यात जास्त आहे, एवढं त्यातून दिसतं.

पण मॅरो बंद पडतो हे खरंच आहे, ती पहिली पायरी. व्हायरस अंगात शिरल्यावर मॅरोतल्या आधार देणाऱ्या पेशींना आणि रक्त तयार करणाऱ्या कोवळ्या पेशींना धरतो, शिवाय शरीर व्हायरसशी लढायला जी केमिकल सोडतं त्यांनीही मॅरो दबतो. ताप यायच्या आधीपासून ते तापाच्या पहिल्या तीन-चार दिवसांपर्यंत हे चालतं. म्हणून डेंग्यूत आधी पांढऱ्या पेशी पडतात, त्या तशाही कमी दिवस जगतात त्यामुळं आवक थांबली की लगेच दिसतं. भावाचा पहिला-दुसरा रिपोर्ट काढून बघा, डब्ल्यूबीसी तीन-चार हजारांवर आलेले असतील आणि प्लेटलेट अजून बऱ्या असतील.

इथं एक गोष्ट मला फार इंटरेस्टिंग वाटते. १९६० च्या दशकात थायलंडमध्ये डेंग्यूच्या पेशंटची मॅरो वेगवेगळ्या दिवशी काढून बघितली होती. सुरवातीच्या दिवसांत मॅरो ओसाड, प्लेटलेट बनवणाऱ्या मोठ्या पेशी, मेगाकॅरिओसाइट म्हणतात त्या, कमी झालेल्या. पण पुढं जेव्हा रक्तातला काउंट तळाला जातो तोपर्यंत मॅरो परत भरायला लागलेली. म्हणजे २८,००० चा आकडा बघून आपल्याला वाटतं की आतलं सगळं संपलं, आणि त्याच वेळी आत काम जोरात चालू झालेलं असतं, फक्त तयार झालेलं बाहेर टिकत नाही.

का टिकत नाही, तर दोन कारणं. पहिलं म्हणजे प्लेटलेट खर्ची पडतात. रिपोर्टवर एनएस१ पॉझिटिव्ह लिहिलेलं असेल ना, ते एनएस१ म्हणजे व्हायरसनं बाहेर सोडलेलं प्रोटीन. ते रक्तात फिरतं, प्लेटलेटवरच्या एका रिसेप्टरला जाऊन चिकटतं आणि तिला उगीचच चेतवतं, जखम नाही काही नाही तरी ती कामाला लागते. चेतलेली प्लेटलेट चिकट होते, रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला चिकटते, पांढऱ्या पेशींना चिकटते, आणि तिच्या अंगावर 'मला उचला' अशा अर्थाची खूण बाहेर येते, मग मॅक्रोफेज नावाच्या आपल्याच सफाई करणाऱ्या पेशी तिला गिळून टाकतात. व्हायरस स्वतःसुद्धा प्लेटलेटला चिकटतो. तेव्हा 'व्हायरस खातो का' याला मी म्हणेन की खाणारे आपलेच आहेत, व्हायरस फक्त खूण करून देतो. जुन्या काळात थायलंडमध्येच किरणोत्सारी क्रोमियम लावलेल्या प्लेटलेट मुलांना देऊन त्या किती वेळ टिकतात ते मोजलं होतं, आठ-दहा दिवस राहिले बाजूला, निम्म्या प्लेटलेट काही तासांत नाहीतर दोनेक दिवसांत गायब.

दुसरं कारण अँटीबॉडी. पाचव्या दिवसाच्या आसपास आयजीएम नावाची अँटीबॉडी तयार होऊन रक्तात दिसायला लागते, व्हायरस तिनं आटोक्यात येतो, तापही साधारण तेव्हाच उतरतो. पण एनएस१ वर तयार झालेल्या यातल्या काही अँटीबॉडी प्लेटलेटवरच्या प्रोटीनलाही ओळखतात, कारण दोन्हींचा थोडासा भाग एकमेकांसारखा आहे. अँटीबॉडी चिकटलेली प्लेटलेट प्लीहेतून गेली की तिथले मॅक्रोफेज तिला सोडत नाहीत. म्हणून तुम्हाला जे उलटं वाटलं, ताप गेला आणि काउंट पडला, त्यात उलटं काही नाही, दोन्ही एकाच वेळी यायचंच होतं. ज्यांना आधी एकदा वेगळ्या प्रकारचा डेंग्यू होऊन गेलाय (चार प्रकार आहेत त्याचे) त्यांच्यात अँटीबॉडी लवकर आणि जास्त वाढतात, आणि काउंट बहुतेकदा जास्त खाली जातो.

मात्र सगळं अँटीबॉडीवर ढकलू नका, कारण पेशंट बरा होऊन काउंट दोन-तीन लाख झाला तरी त्या अँटीबॉडी रक्तात बरेच दिवस सापडतात. त्या एकट्या जबाबदार असत्या तर काउंट चढलाच नसता. त्यांना सोबत लागते ती पेटलेल्या मॅक्रोफेजची आणि चेतलेल्या प्लेटलेटची, ती शांत झाली की अँटीबॉडी असूनही फार बिघडत नाही. आणि म्हणूनच 'अँटीबॉडीमुळे होतंय तर स्टेरॉइड द्या' हा सरळ वाटणारा उपाय चालत नाही, डेक्सामेथासोन देऊन बघितलंय, काउंट काही लवकर चढला नाही.

आता पिशव्यांचं. साध्या डोनरची एक पिशवी मोठ्या माणसात काउंट पाच ते दहा हजारांनी वाढवते, चार चढवल्या तर २०-४० हजार. पण त्या प्लेटलेट जातात त्याच रक्तात जिथं एनएस१, अँटीबॉडी आणि मॅक्रोफेज वाटच बघतायत, मग संध्याकाळी ५५ हजार आणि सकाळी परत ३०. नातेवाईक म्हणतात पिशव्या वाया गेल्या, दुसऱ्या डोनरच्या आणू. सिंगापूर आणि मलेशियात ३७२ पेशंटवर ट्रायल झाली होती, २०१७ मध्ये छापून आली, काउंट २०,००० किंवा त्याखाली पण मोठं ब्लीडिंग नाही असे पेशंट. ज्यांना प्लेटलेट चढवल्या त्यांच्यात ब्लीडिंग काही खास कमी झालं नाही, रिॲक्शन मात्र जास्त आल्या. आपल्या सरकारी गाइडलाइनमध्येही ब्लीडिंग नसेल तर १०,००० च्या खाली गेल्यावरच विचार करा असं आहे. ब्लीडिंग होत असेल तर गोष्ट वेगळी, मग आकड्यावर थांबत नाहीत, ते तिथले डॉक्टर बघतील.

तुमच्या प्रश्नात एक आकडा नाही आणि मला तोच पाहिजे होता, हिमॅटोक्रिट, रिपोर्टवर एचसीटी किंवा पीसीव्ही लिहिलेलं असतं. ताप उतरल्यावरचे २४ ते ४८ तास रक्तवाहिन्या पाझरतात, पातळ भाग बाहेर जातो आणि रक्त घट्ट होतं. पहिल्या दिवशी ४० असेल आणि आज ४८ झालं तर ती वीस टक्के वाढ झाली, आणि प्लेटलेट २८,००० असण्यापेक्षा ती जास्त काळजीची. सोबत पोट दुखणं, उलट्या न थांबणं, हातपाय गार पडणं, लघवी कमी होणं, हिरड्यातून रक्त, पोरगा गुंगीत वाटणं, यातलं काही दिसलं तर लगेच सिस्टरला सांगा, सकाळच्या राउंडची वाट बघत बसू नका. अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन कोणाला देऊ देऊ नका, उरलेल्या प्लेटलेटचं कामही ती औषधं बिघडवतात. आपल्या खेड्यापाड्यात तापाला डायक्लोचं इंजेक्शन सर्रास मारतात, ॲडमिट व्हायच्या आधी मारलं असेल तर ते डॉक्टरांना सांगून ठेवा.

काउंट चढायच्या आधी खुणा दिसतात. आधी डब्ल्यूबीसी वर येतात, एखाद-दोन दिवसांनी प्लेटलेट. मायक्रोस्कोपखाली स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब, बघितला की मोठमोठ्या आकाराच्या प्लेटलेट दिसायला लागतात, त्या मॅरोतून नुकत्याच आलेल्या कोवळ्या. मोठ्या लॅबमध्ये आयपीएफ नावाची टेस्ट याचीच टक्केवारी देते, ती वाढली की पुढच्या दिवस-दोन दिवसांत काउंट बहुतेक वळतो. पपईच्या पानाचा रसही लोकं साधारण याच दिवशी सुरू करतात, म्हणजे घाबरल्यावर, सहाव्या-सातव्या दिवशी, आणि आठव्या दिवशी काउंट चढला की श्रेय त्याला. काही छोट्या अभ्यासांत काउंट थोडा लवकर वाढलेला दिसलाय, पण त्यानं ब्लीडिंग कमी होतं असं काही सिद्ध नाही, आणि उलट्या होत असलेल्या पोराला ते कडू पाणी पाजून अजून उलटी काढण्यात मला तरी अर्थ वाटत नाही.

आणि हो, दोन लॅबचे आकडे एकमेकांशी लावत बसू नका. मशीन पेशी आकारावरून मोजतं, त्यामुळं त्या मोठ्या प्लेटलेट लाल पेशीत धरल्या जातात, कधी जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये प्लेटलेटच्या गुठळ्या होतात आणि काउंट खोटाच कमी येतो. २८,००० मशीनचा आहे की स्मिअर बघून दिलाय एवढं लॅबमध्ये विचारा, आणि उद्याचा नमुना त्याच लॅबमध्ये त्याच सुमाराला द्या.