जुनी डिझेल गाडी घेताना थंड स्टार्ट का बघायचा?

प्रश्न: लातूरला जुनी डिझेल गाडी बघायला जातोय. चालवून बघितल्यावर आतला बिघाड कळतो का?

कळतो, पण इंजिन रात्रभर थंड असेल तरच. सकाळी लवकर जा आणि मालकाला आधीच सांगून ठेवा, की मी येईपर्यंत चालू करू नका. इंजिन कोमट लागलं तर सरळ दुसऱ्या दिवशी या, कारण गरम इंजिन खरा आजार लपवतं.

चावी फिरवण्याआधी कूलंटचं झाकण उघडून बघा (गरम असताना कधीच नको). आत गंजाळ पाणी दिसलं तर कूलंटऐवजी बहुधा बोअरचं पाणी ओतलंय. आपल्याकडचं पाणी जड, त्याचा क्षार रेडिएटरमध्ये साचतो.

आता सोबत्याला सायलेन्सरमागे उभं करा. निळसर धूर काही सेकंद येऊन थांबला, तर बहुतेक व्हॉल्व्ह सील गेलेत. रात्रभरात थोडं ऑइल खाली झिरपतं, तेच जळतं. हा खर्च झेपण्यासारखा असतो. पण निळा धूर थांबलाच नाही आणि चढावर दाबल्यावर वाढला, तर रिंगा किंवा टर्बो. खात्रीसाठी इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण सैल करून तसंच वर ठेवा. किंचित वाफ चालते, पण झाकण जोरात उडायला लागलं तर रिंगा झिजल्यात. ती गाडी सोडा, इंजिन उघडावं लागेल.

मग एसी लावून किमान अर्धा तास चालवा, चढ शोधा. तापमानाचा काटा मधल्या जागेवरून वर सरकत राहिला, तर क्षाराने रेडिएटर चोंदल्याचा संशय घ्या.