हतनूरहून प्रकाशाला निघालेली होडी

*माझी मुलगी साडेचार वर्षांची आहे. मनासारखं झालं नाही की जमिनीवर अंग टाकते, किंचाळते, हाताला येईल ते फेकते. बालवाडीतल्या बाई म्हणाल्या, फुग्यासारखा श्वास घ्यायला शिकवा. मी करून बघितलं, पण त्या वेळी श्वासाचं नाव काढलं की ती आणखी चिडते, मला ढकलून देते. माझं काही चुकतंय, की याचा उपयोगच होत नाही? — एक आई, धुळे*

ताई, दिवाळी होऊन कापसाची वेचणी जोरात होती तेव्हाची गोष्ट. अमळनेर तालुक्यातल्या एका तापीकाठच्या गावातून एक आई तिच्या पाच वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्याकडे आली. त्याला इथे आपण सोनू म्हणू. सोबत त्याचे आबा होते. ते दाराशीच बसले आणि बसल्या बसल्या त्यांनी आपलं मत सांगून टाकलं, "पोरगं रडस, मोबाईल दिधा का चूप बसस. एवढंच से."

मी आईला म्हटलं, घरी श्वास कसा घ्यायला लावता ते एकदा दाखवा. ती सोनूसमोर बसली आणि म्हणाली, "घे, मोठा श्वास घे. अजून मोठा. अजून." सोनूने खांदे कानापर्यंत उचलले, छाती फुगवली, गाल फुगवले आणि श्वास तसाच धरून ठेवला. चेहरा लाल झाला, मुठी आवळल्या गेल्या. शांत बसलेलं पोर अर्ध्या मिनिटात चिडल्यासारखं दिसायला लागलं. आईच्या ते लगेच लक्षात आलं, ती हसली आणि मग तिचे डोळे भरून आले.

गडबड होते ती इथे. आपण मुलाला "मोठा श्वास घे" म्हणतो, पण शरीर सैल पडतं ते श्वास सोडताना. श्वास आत जातो तेव्हा हृदयाचे ठोके किंचित वाढतात, बाहेर येतो तेव्हा किंचित मंदावतात. म्हणून आत घेण्यापेक्षा सोडणं लांबलं तर शरीराला "आता ठीक आहे" असा निरोप जातो. उलट मोठमोठे श्वास भराभर घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, डोकं हलकं होतं, हातापायाला मुंग्या येतात. घाबरलेल्या पोराला त्यात भोवळ आल्यासारखं वाटलं तर ते आपल्याला ढकलणारच.

पण पाच वर्षांच्या मुलाला "चार मोजेपर्यंत श्वास सोड" सांगून काय कळणार? तिथे होडी कामाला येते.

मी परात मागवली. त्यात दोन बोटं पाणी. आधी वर्तमानपत्राची होडी केली, ती दहाव्या मिनिटाला भिजून लोळागोळा झाली. मग जुन्या कॅलेंडरच्या गुळगुळीत पानाची केली, ती टिकली. तळहाताएवढी होडी, आणि आत तुरीचे तीन दाणे. सोनूला सांगितलं, परातीचा हा काठ म्हणजे हतनूर धरण आणि तो समोरचा काठ म्हणजे प्रकाशा. होडी तापीमायवरून तिकडे न्यायची, दाणे सांडायचे नाहीत.

पहिल्या फुंकरीला होडी आडवी झाली. दाणे पाण्यात. दुसऱ्या फुंकरीलाही तेच. तिसऱ्या वेळी आबा दारातून ओरडले, "हयू हयू फुक रे भो, होडी बुडी जाई!" त्यांना खेळात कधी ओढलं गेलं ते त्यांनाही कळलं नाही. सोनूने ओठांचा चंबू केला, बारीक, लांब फुंकर सोडली आणि होडी सरकत निम्म्यापर्यंत गेली. मी त्याला श्वासाबद्दल एक अक्षर बोलले नव्हते. होडीच सांगत होती की जोरात नको, लांब हवं.

त्या दिवशी मीही एक चूक केली. तो रंगात आला म्हणून मी फुंकू दिलं, आणि आठ-दहा फुंकरींनंतर तो म्हणाला, "डोकं फिरतंय." तेव्हापासून माझा नियम आहे, तीन-चार फुंकरी झाल्या की होडी बंदराला लावायची, दाणे मोजायचे, मग पुढचा प्रवास. सगळा खेळ दोन-तीन मिनिटांचा.

बाईंनी सांगितलेल्या फुग्याबद्दलही बोलते. त्या नावाने दोन खेळ चालतात आणि त्यांत घोटाळा होतो. एकात श्वास घेताना पोट फुगतं आणि सोडताना बसतं. हा खेळ आडवं होऊन, पोटावर हलकं खेळणं ठेवून चांगला जमतो, पण उभ्या मुलाला पोट आणि छाती यांतला फरक कळत नाही, ते नुसते खांदे उचलतं. दुसऱ्यात दोन्ही तळवे तोंडासमोर जुळवायचे आणि हळूहळू फुंकत ते लांब नेत जायचे, जणू हातात फुगा मोठा होतोय. हा फुंकण्यापासून सुरू होतो. आतला श्वास त्यानंतर आपोआप येतो, तो शिकवावा लागत नाही. साडेचार वर्षांच्या मुलीसाठी मी हाच घेईन. फुगा मात्र हवेतलाच असू द्या. खरा रबरी फुगा किंवा त्याचा फुटलेला तुकडा लहान मुलाच्या घशात अडकू शकतो, म्हणून आठ वर्षांच्या आतल्या मुलाला तो तोंडाने फुगवायला देत नाहीत. परातीतलं दोन बोटं पाणीसुद्धा खेळ संपला की लगेच ओतून टाकायचं.

सोनूच्या आईला मी एकच अट घातली होती. पहिले पंधरा दिवस होडी फक्त मूड चांगला असताना. सकाळी आंघोळीनंतर एकदा, रात्री जेवण झाल्यावर एकदा. राग आला की होडीचं नावसुद्धा काढायचं नाही. हे तिला विचित्र वाटलं. रागासाठीच तर आलो आहोत, असं ती म्हणाली. पण रागाचा कडेलोट झाला की पोराला नवीन काही शिकता येत नाही, शब्दही धड ऐकू येत नाहीत. पूर आल्यावर पोहायला शिकवत नाहीत. त्या वेळी जवळ बसायचं, फेकण्यासारख्या वस्तू लांब सरकवायच्या, बोलणं दोन-तीन शब्दांवर आणायचं आणि आपण स्वतः संथ श्वास सोडत राहायचं. तुम्ही फुग्याचं सांगता तेव्हा मुलगी ढकलते, त्याचं कारण बहुधा हेच आहे. ती नकार फुग्याला देत नसते, त्या क्षणी मिळालेल्या आणखी एका सूचनेला देत असते.

दुसऱ्या आठवड्यात फोन आला, "मॅडम, त्याने परात लाथेने उडवली." विचारत गेले तेव्हा कळलं की आईने म्हटलं होतं, "आधी होडी फुंक, मगच मोबाईल." खेळाची शिक्षा झाली होती. चार दिवस परात बंद ठेवली. पाचव्या दिवशी आबांनी स्वतःच पाणी ओतलं आणि एकटेच फुंकत बसले. बिडीच्या खोकल्याने त्यांची होडी दर वेळी हतनूरलाच बुडायची. सोनूला ते बघून राहवेना, त्याने आबांना बाजूला सारलं. अशा वेळी आमच्या समुपदेशनापेक्षा म्हाताऱ्या माणसांचं डोकं पुढे चालतं, हे मी मान्य करते.

आईला मी एका वहीत वेळा लिहायला सांगितल्या होत्या. राग किती वाजता आला, आधी काय झालं, किती वेळ चालला, इतकंच. दहा दिवसांची वही बघितली तर जवळजवळ सगळे राग संध्याकाळी साडेपाच ते सात या वेळेतले. पोराने बाराला जेवलेलं, दुपारी झोपलेलं नाही, आई शेतातून नुकती आलेली, आणि आल्या आल्या आबांच्या हातचा मोबाईल काढून घ्यायची वेळ. पाच वाजता पोळीला गूळ-तूप लावून द्यायला लागल्यावर त्यातले काही राग आलेच नाहीत. ते श्रेय होडीचं नाही, गुळाचं. श्वासाचा खेळ भूक आणि झोप भरून काढत नाही.

तिसऱ्या आठवड्यापासून आम्ही होडी रागाच्या जवळ नेली, पण कडेलोटाच्या आधी. सोनूचं लक्षण ठरलेलं होतं. आधी उजव्या हाताची मूठ वळायची, मग तो सदऱ्याची कड ओढायचा, मग आवाज चढायचा. आईने मुठीवरच थांबायचं ठरवलं. "शांत हो" म्हणायचं नाही. समोर बसून आपल्या ओंजळीत नुसती फुंकर घालायची, जणू होडी तिथेच आहे. कधी तो सामील व्हायचा, कधी नाही. नाही झाला तर तिच्या लांब फुंकरीने तिचा स्वतःचा आवाज तरी खाली राहायचा.

होडीचा उपयोग झाला की नाही हे रडणं थांबण्यावरून ओळखायचं नसतं. खांदे खाली येतात, मूठ सुटते, एक हुंदका किंवा मोठा उसासा निघतो आणि पोर पुन्हा शब्दांत बोलायला लागतं. रडत रडत का होईना, "मला मोबाईल पाहिजे" असं वाक्य आलं म्हणजे पोर परतीच्या वाटेवर आहे. गप्प बसून अंग ताठ ठेवलेलं मूल शांत झालेलं नसतं.

काही मुलांना मात्र फुंकर देऊन चालत नाही. रडता रडता श्वास अडकून ओठ निळे पडत असतील, मूल ढिलं पडत असेल तर आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. असं होणाऱ्या काही मुलांमध्ये लोह कमी सापडतं आणि ते भरून काढलं की प्रकार कमी होतात. दमा असेल तरी डॉक्टरांना विचारून घ्या. राग अर्धा अर्धा तास टिकत असेल, दिवसात अनेकदा येत असेल, मुलगी स्वतःचं डोकं आपटत, स्वतःला चावत असेल किंवा वयाच्या मानाने बोलत नसेल तर होडीवर महिने घालवू नका, तिला तपासून घ्या. सोनूत यातलं काही नव्हतं. अडीच-तीन वर्षांच्या आतल्या मुलाकडून तर याची अपेक्षाच करू नये. त्याला मांडी आणि आपला संथ श्वास पुरतो.

सोनूच्या वहीत सुरुवातीला आठवड्याला नऊ-दहा राग होते, सहाव्या आठवड्यात चार. त्यांतला एक चांगला वीस मिनिटांचा, परात-बिरात काही चाललं नाही असा. आईने तोही प्रामाणिकपणे लिहिला होता, खाली "आज कापूस भिजला, मीच ओरडले" अशी नोंद करून.

शेवटच्या भेटीला आबांनी एक प्रसंग सांगितला. आई शेतात, मोबाईलची बॅटरी संपलेली, पोर रडायच्या बेतात. ते कॅलेंडरचं एक पान फाडून आबांकडे आलं, नाक ओढत म्हणालं, "आबा, होडी करी द्या." आबांना होडी येत नव्हती, त्यांनी टोपी करून दिली. सोनूने ती परातीत ठेवून फुंकली. ती जागची हलेना, म्हणून तो पुन्हा रडला. पान मात्र चालू महिन्याचं होतं, त्यावरून संध्याकाळी आबांनाच बोलणी बसली.