दहावीचं वेळापत्रक दुसऱ्याच आठवड्यात का कोलमडतं?

“मॅडम, मुलगी दहावीला आहे. जूनपासून तीन वेळापत्रकं करून भिंतीला लावली, पण एकही दोन आठवड्यांपुढे टिकलं नाही. शाळा, क्लास, गृहपाठ, त्यात ऑगस्टमध्ये घटक चाचणी. तिचा आळस म्हणायचा की आमचंच काही चुकतंय?”

आळस नव्हता. मायलेकी आल्या तेव्हा मी तिसरं वेळापत्रक मागून घेतलं. सोमवारी बीजगणित, मंगळवारी विज्ञान, ‘रोज एक धडा’ आणि परीक्षेआधीच्या शेवटच्या आठवड्यात ‘सगळ्याची उजळणी’. चूक ‘एक धडा’ या मापातच होती. भूमितीत पायथागोरसच्या प्रमेयाचे सरावसंच दोन, वर्तुळाचे पाच, वर प्रमेयांच्या सिद्धता. दोघांना एकच दिवस दिला, तर वर्तुळ आलं की गाडी अडणारच.

म्हणून धडे सोडून आम्ही बैठका मोजल्या. एक बैठक म्हणजे पाऊण तास, एक सरावसंच किंवा विज्ञानातला एक तुकडा. दोन चलांतील रेषीय समीकरणांचे पाच सरावसंच आणि संकीर्ण प्रश्नसंग्रह, म्हणजे सहा बैठका. पायथागोरसला तीन. वर्तुळाला सिद्धतांसकट आठ. विज्ञानाच्या धड्याला साधारण तीन. तिच्या शाळेने प्रथम सत्राला बीजगणित आणि भूमितीचे पहिले तीन-तीन धडे लावले होते, विज्ञानाच्या दोन्ही भागांचे पाच-पाच. बेरीज झाली ६४ बैठका.

मग हातात किती आहेत ते पाहिलं. जुलैच्या पहिल्या सोमवारपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत १४ आठवडे. त्यातून घटक चाचणीचा, गणपतीचा आणि परीक्षेआधीचा असे तीन आठवडे आधीच खोडले. (गणपतीत अभ्यास होईल असं आईचं म्हणणं. मुलगी गप्प होती, मी खोडलाच.) उरले ११. गणित-विज्ञानासाठी आठवड्याला आठ बैठका तिला झेपत होत्या. भाषा आणि समाजशास्त्रासाठी चार वेगळ्या ठेवल्या. आठांपैकी दोन उजळणीला बाजूला काढल्या, नव्या अभ्यासाला सहा. अकरा सक ६६. काम ६४ बैठकांचं. काठावर बसलं, पण बसलं.

बेरीज ८० आली असती तर? तर उजळणीच्या दोन बैठकांना हात लावायचा नाही. शाळेत नीट समजलेल्या धड्यांचं फक्त स्वाध्याय सोडवायचं आणि बैठका तिथे वाचवायच्या.

तिच्या कॅलेंडरमधला पाचवा आठवडा असा होता. बीजगणितात वर्गसमीकरणं: पूर्ण वर्ग पद्धत आणि सूत्र पद्धत, दोन बैठका. भूमितीत पायथागोरसचा दुसरा सरावसंच, एक. विज्ञानात रासायनिक अभिक्रिया, तीन. उजळणीची पहिली बैठक गेल्या आठवड्यात झालेल्या भागाची. दुसरी महिन्यापूर्वीच्या भागाची, म्हणजे गुरुत्वाकर्षण: केप्लरचे तीन नियम, मुक्तिवेग. उजळणी पुस्तक मिटून, कोऱ्या कागदावर. आधी आठवेल ते लिहायचं, मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनाने भरायचं. नुसतं वाचलं तर सगळं ओळखीचं वाटतं, आणि पेपरात केप्लरचा तिसरा नियम हात वर करतो.

चाचण्यांच्या तारखा मात्र धड्यांच्या आधी लिहिल्या, एक रविवार सोडून एक, वीस गुणांच्या. चाचणीत आठवडाभर आधी संपलेलाच भाग घ्यायचा. कालच झालेल्या भागावर गुण चांगले पडतात, पण त्यावरून टिकलं किती ते कळत नाही. चाचणीत चुकलेली उदाहरणं पुढच्या उजळणीच्या बैठकीत.

मधला रविवार रिकामा. ताप आला, पाहुणे आले, बैठक बुडाली, तर ती त्या रविवारी भरायची. दुसऱ्या दिवशीच्या बैठकांवर लादायची नाही. तिची आधीची तिन्ही वेळापत्रकं याच लादण्याने पडली होती: सोमवारचं मंगळवारी, मंगळवारचं बुधवारी, आणि शुक्रवारी चार धडे अंगावर. सलग दोन आठवडे दोनपेक्षा जास्त बैठका बुडाल्या, तर माप चुकलंय असं समजायचं आणि पुढचे आठवडे पुन्हा मांडायचे. तिचं चौथ्या आठवड्यानंतर तसं झालंच. भूमितीची रात्री नऊची बैठक दर वेळी बुडत होती. ती शनिवारी सकाळी हलवली.

आईचा एक प्रश्न उरला होता: क्लासमध्ये धड्यांचा क्रम वेगळा आहे, कुठला धरायचा? शाळेचा. प्रथम सत्राचा पेपर शाळाच काढणार. क्लासमध्ये एखादा धडा आधी झाला तर तो पहिली ओळख समजावा, नंतर झाला तर फुकटची उजळणी.

हे कॅलेंडर दिवाळीपर्यंतचंच आहे. सुट्टी संपली की जानेवारीच्या पूर्वपरीक्षेपासून मागे मोजत उरलेले धडे नव्याने मांडायचे. तेव्हा प्रथम सत्राचे धडे महिन्यापूर्वीच्या उजळणीत येतील, म्हणून त्या बैठका दोनाच्या तीन कराव्या लागतील.