खंडनाचा परिच्छेद नेमका कुठे फसतो?

«माझी मुलगी आठवीत आहे. 'दप्तराचे ओझे' या निबंधात तिने लिहिले: "काही लोक म्हणतात, ओझ्याने काही होत नाही. पण ते चुकीचे आहे, कारण मुलांची पाठ दुखते." बाईंनी 'खंडन झालेले नाही' असा शेरा मारला. काय चुकले?»

हा शेरा वाचून मला माझ्या मुलाच्या वह्या आठवल्या. त्याच्या शिकवणीत 'काही लोक म्हणतात… पण ते चुकीचे आहे' हे वाक्य साच्यासारखे पाठ करून घेतले जाई, आणि त्या साच्याने त्याचे एक पूर्ण वर्ष वाया घालवले. निबंधाची रचना तुम्हाला ठाऊक असेल, म्हणून मी फक्त या परिच्छेदाविषयी लिहितो.

तुमच्या मुलीने निवडलेला विरोधक फारच दुबळा आहे. ओझ्याने काही होत नाही, असे जाणते माणूस सहसा म्हणत नाही. २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणातही दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंतच असावे, म्हणजे ३० किलोच्या मुलासाठी ३ किलो, असे सांगितले आहे. खरा विरोध तिच्या मागणीला होईल. समजा, 'पुस्तके शाळेतच ठेवू द्यावीत' ही तिची मागणी आहे. त्यावर मुंबईतले मुख्याध्यापक म्हणतील, "आमच्याकडे एकाच वर्गात सकाळी एक तुकडी बसते आणि दुपारी दुसरी. कपाटे ठेवायची कुठे, आणि गृहपाठाला पुस्तक घरी नको का?" हा मुद्दा त्यांच्याच तोंडी, पूर्ण जोर देऊन लिहावा.

आता उत्तर. येथे पाठदुखीचा उपयोग नाही, कारण जागेच्या अडचणीला पाठदुखी हे उत्तर होत नाही. आधी मान्य करावे: जागा खरोखरच नाही. मग लिहावे: "तरीही एका बाकावरील दोघांनी विषय वाटून घेऊन प्रत्येकी निम्मीच पाठ्यपुस्तके आणली, तर कपाट लागत नाही, आणि दोघांचीही पुस्तके संध्याकाळी घरीच असतात. जोडीदार गैरहजर असेल, तर मागच्या बाकावरचे पुस्तक चालेल." असे लिहिल्यावर पहिल्या परिच्छेदातील मागणीही बदलावी लागेल, ती 'शाळेने पुस्तके वाटून आणू द्यावीत' अशी होईल. माझ्या मते हा बदल निबंधाला बळकटी देतो, मात्र काही शिक्षकांना मूळ भूमिका जशीच्या तशी हवी असते, तेव्हा बाईंना आधी विचारून घ्यावे.

तपासण्याची सोपी रीत अशी: विरोधी मुद्दा हाताने झाकून फक्त खंडन वाचावे. ते स्वतंत्रपणे तितकेच अर्थपूर्ण वाटले, तर ते खंडन नाही, तिचाच जुना मुद्दा पुन्हा आला आहे. हा परिच्छेद समारोपाच्या आधी ठेवावा, आणि त्याचे शेवटचे वाक्य तिच्या बाजूचे असावे.