बंद काचांच्या गाडीत नायट्रोजनचा कंटेनर

प्रश्न: रत्नागिरी जिल्ह्यात गाईंच्या कृत्रिम रेतनाचं काम नुकतंच सुरू केलंय. द्रव नायट्रोजनचा तीन लिटरचा कंटेनर मागच्या सीटवर ठेवून वाडीवाडीत फिरतो. पावसामुळे काचा बंद, एसी चालू. हवेत 78 टक्के नायट्रोजनच असतो ना, मग धोका कसला? आणि तो फार उडतो म्हणून बुचावर प्लास्टिक घट्ट बांधलं तर चालेल का? हातमोजे खरंच लागतात का?

उत्तर:

प्लास्टिक बांधलं असेल तर आजच सोडून टाका आणि उद्या निघाल्यापासून दोन काचा चार-चार बोटं खाली ठेवा. सीट ओली झाली तर होऊ दे. आता कारण सांगतो. मी सिंधुदुर्गात पशुधन पर्यवेक्षक म्हणून बरीच वर्षं काढली आहेत आणि या द्रवाशी रोजचा संबंध होता.

हवेत नायट्रोजन आहे हे खरं, पण आपण जगतो ते उरलेल्यातल्या सुमारे 21 टक्के ऑक्सिजनवर. नायट्रोजन विषारी नाही, तो फक्त जागा अडवतो. आणि जागा अडवण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नाही. उणे 196 अंशांना उकळणारा हा द्रव साध्या हवेत आला की वायू होऊन सुमारे 700 पट पसरतो. म्हणजे तुमच्या तीन लिटरांचा वायू होतो दोन हजार लिटरांच्या वर, दोन घनमीटर धरा. गाडीच्या आतली मोकळी जागा साधारण तीन घनमीटर. घाटातल्या वळणावर कंटेनर कलंडला, बूच निघालं आणि सगळा द्रव सीटखाली पसरला, तर बंद गाडीतला ऑक्सिजन थोड्याच वेळात 10 टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली येऊ शकतो. तेवढ्यावर माणूस शुद्धीत राहत नाही, आणि तुमच्या हातात तर स्टिअरिंग असणार.

घाबरवण्यासाठी सांगत नाही, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. चांगल्या स्थितीतला छोटा कंटेनर उभा असताना दिवसाला साधारण शे-दीडशे मिलिलिटर द्रव गमावतो. त्याचा वायू होतो शंभर लिटर, तोही चोवीस तासांत. एवढ्याने गाडीत काही होत नाही. धोका येतो तो कलंडल्यावर, किंवा कंटेनरच्या दोन भिंतींमधली निर्वात पोकळी बिघडल्यावर. मग जे महिन्याभरात उडायचं ते काही तासांत उडतं. पोकळी बिघडल्याची खूण ओळखायला शिका: बाहेरच्या अंगाला घाम येतो, मग पांढरं दव गोठतं. आपल्याकडे पावसाळ्यात सगळ्याच गार वस्तूंना घाम येतो म्हणून फसायला होतं, पण चांगल्या कंटेनरचं पोट बाहेरून खोलीइतकंच गरम असतं. मानेजवळ थोडं गार लागेल, पोटाला नाही. पोटावर दव दिसलं की तो गाडीत घालायचा नाही. पडवीत उघड्यावर ठेवायचा आणि रेतमात्रा लगेच दुसऱ्या कंटेनरमध्ये हलवायच्या.

आता ज्या गोष्टीने मला शहाणं केलं ती. श्रावणात झड लागली होती. दवाखान्याची मागची खोली आठ फूट बाय आठ फूट, खिडकीतून पाणी आत येत होतं म्हणून ती लावून घेतलेली. चार छोटे कंटेनर मोठ्यातून भरायचे होते आणि चारही बरेच दिवस रिकामे, म्हणजे आतून खोलीइतकेच गरम. अशा कोरड्या भांड्यात द्रव ओतला की पहिला बराचसा भाग भांडं थंड करण्यातच उकळून जातो. एक किलो ॲल्युमिनियम तिथपर्यंत गार करायला जवळपास लिटरभर द्रव खर्ची पडू शकतो. त्यात नरसाळ्यातून सांडलेला वेगळा. मागून हिशेब केला तेव्हा त्या अर्ध्या तासात दहा लिटर तरी उडाले होते, म्हणजे सात घनमीटर वायू. आणि नऊ फूट उंचीची ती अख्खी खोली होती सोळा घनमीटरांची.

माझा मदतनीस उकिडवा बसून नरसाळं धरत होता. मी उभा, दाराजवळ. त्याला म्हटलं, जरा डावीकडे धर. त्याने मान हलवली, पण हात हलला नाही. पुन्हा सांगितलं तर नुसता माझ्याकडे बघत राहिला, चेहऱ्यावर ना त्रास ना धाप. मग सावकाश भिंतीला टेकला. तेवढ्यात माझेही गुडघे सैल पडल्यासारखे वाटले आणि मी त्याच्या काखेत हात घालून त्याला पडवीत ओढलं. चार-पाच मिनिटांत तो बोलायला लागला. मला काहीच कळलं नाही, झोप आल्यासारखं वाटलं, एवढंच म्हणाला.

हे असं का होतं ते नीट समजून घ्या, कारण सगळी फसगत इथेच आहे. पाण्यात बुडताना किंवा नाक दाबल्यावर जीव कासावीस होतो तो रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. शरीराचा धोक्याचा इशारा मुख्यतः त्यावर चालतो. नायट्रोजनने भरलेल्या खोलीत तुम्ही श्वास घेत असता, सोडत असता, कार्बन डायऑक्साइड नीट बाहेर जात असतो. म्हणून गुदमरल्याची भावनाच येत नाही. वास नाही, रंग नाही, खोकला नाही. आमच्या खोलीत ऑक्सिजन सरासरी 12 ते 14 टक्क्यांवर आला असावा, आणि जमिनीलगत त्याहून कमी, कारण नुकता उकळलेला वायू अतिशय गार असतो आणि हवेपेक्षा जड होऊन खाली बसतो. म्हणूनच उकिडवा बसलेला आधी गेला आणि उभा असलेला वाचला.

आणि मी आत राहून ओढलं ते बरोबर केलं नाही. मी दारात होतो आणि दोन पावलांत बाहेर पडता आलं, म्हणून निभावलं. आत कुणी पडलेलं दिसलं म्हणून धावत जाणारा दुसराही तिथेच पडतो, अशा अपघातांत हे पुन्हापुन्हा घडलेलं आहे. आधी दारं-खिडक्या बाहेरून सताड उघडायच्या, माणसं बोलवायची, हवा खेळू द्यायची. भरण्याचं काम मात्र खोलीत करूच नका. पडवीत करा, पागोळीच्या आत, वारं वाहतं तिथे.

पांढऱ्या धुक्यावर विसंबू नका. ते धुकं नायट्रोजनचं नाही, हवेतल्या बाष्पाचं आहे. आपल्या दमट हवेत ते भरपूर दिसतं. एसीने कोरड्या केलेल्या गाडीत फारच कमी दिसेल, आणि धुकं विरलं तरी नायट्रोजन तिथेच असतो. शिवाय गाडीचा एसी बहुतेक वेळा आतलीच हवा फिरवत असतो. बाहेरची हवा घेण्याचं बटण असतं, ते लावा. कंटेनर सीटवर नको. डिकी आणि बसायची जागा वेगळी असलेलं वाहन मिळालं तर उत्तमच, नाहीतर खाली लाकडी चौकटीत उभा बसवून पट्ट्याने बांधा.

आता बुचाचं. ते बूच सैल असतं ते बनवणाऱ्याच्या चुकीने नाही. उडालेला वायू बाहेर पडायला तीच एक वाट आहे. ती बंद केली तरी उकळणं थांबत नाही, कारण बाहेरची ऊब आत झिरपतच राहते. वायू मग आत कोंडतो, दाब चढत जातो आणि कमकुवत जागेतून सगळं फुटून बाहेर येतं. प्लास्टिकचा तोटा आणखी एक: त्याच्या आत आपली ओलसर हवा अडकते, तिचं पाणी होऊन मानेत गोठतं आणि बर्फाचंच बूच तयार होतं. पावसाळ्यात मी रोज सकाळी बूच उचलून कोरड्या फडक्याने पुसायचो, तेवढंच पुरतं. बूच अडकलेलं आढळलं तर त्यावर वाकू नका, ठोकू नका. उघड्यावर ठेवून लांब राहा आणि कंटेनर पुरवणाऱ्याला बोलवा. घरातल्या फिरकीच्या झाकणाच्या थर्मासात नायट्रोजन नेणारे मी पाहिले आहेत. तोही बंद बॉम्बच.

उडतो किती हे कळायला काठी पुरे. कोरडी लाकडी काठी तळापर्यंत घालून थोडा वेळ ठेवा, बाहेर काढून हवेत हलवा, जिथपर्यंत पांढरं दव धरेल तिथपर्यंत द्रव आहे. पोकळ नळी मात्र कधी घालू नका, आतला द्रव उकळून वरच्या टोकातून थेट तोंडावर येतो. रोजचा आकडा वहीत लिहा. एकदम दुप्पट घट दिसली की पोकळी गेली समजा. कंटेनर ओल्या सिमेंटवर ठेवू नका, फळीवर ठेवा. आपल्या खाऱ्या दमट हवेत ॲल्युमिनियम बुडाशी खात जातं.

राहिले हातमोजे. तुम्हाला कुणीतरी दाखवलं असेल की हातावर दोन थेंब टाकले तरी काही होत नाही. घावणं घालण्यापूर्वी तापल्या बिडाच्या तव्यावर पाणी शिंपडतो तेव्हा थेंब नाचतात, तसंच हे. थेंबाखाली वाफेची गादी तयार होते आणि तो न चिकटता घरंगळतो. इथे तवा म्हणजे आपला हात. पण ती गादी क्षणभराची. द्रव बोटांच्या बेचक्यात, चपलेच्या पट्ट्यात किंवा शर्टाच्या बाहीत अडकला की गादी संपते आणि कातडी भाजल्यासारखी जाते. म्हणून हातमोजे सैल हवेत, झटकले की निघतील असे, आणि विणलेले नकोत कारण ते द्रव शोषतात. पॅन्टचा पाय बुटाच्या बाहेर सोडा, आत खोचू नका. डोळ्यांना चष्मा नव्हे, पूर्ण झाकणारा गॉगल. कॅनिस्टरचा दांडा उघड्या ओल्या हाताने धरलात तर कातडी धातूला चिकटते आणि ओढलं की सोलून येते. चिकटलीच तर ओढू नका, कोमट पाणी ओता. गोठलेला भाग चोळायचा नाही, चुलीजवळ धरायचा नाही. आंघोळीच्या पाण्याइतक्या, 38 ते 40 अंशांच्या पाण्यात बुडवून ठेवायचा आणि डॉक्टरकडे जायचं. ऊब येताना खूप ठणकतं, ते अपेक्षितच आहे. डोळ्यात उडालं असेल तर साध्या पाण्याने धूत राहा आणि तसंच दवाखाना गाठा.